विश्लेषण : कर शून्य, तरीही एफडीच्या व्याजातून कपात कशी होते? ती कशी टाळता येते?

तिमाही संपली की बँकेचा एसएमएस येतो. मुदत ठेवीचे व्याज जमा झाल्याचे त्यात लिहिलेले असते, पण रक्कम नेहमीपेक्षा कमी दिसते. पासबुक भरून आणल्यावर व्याजाच्या ओळीखाली ‘टीडीएस’ अशी आणखी एक ओळ सापडते. ज्यांचे उत्पन्न मुळात करपात्रच नाही, अशा हजारो ठेवीदारांच्या खात्यातून दर वर्षी अशी कपात होते. बँकेचे काही चुकलेले नसते. ठेवीदाराचे एकूण उत्पन्न किती आहे हे बँकेला ठाऊक नसते आणि ते कळवण्याची जबाबदारी कायद्याने ठेवीदारावर टाकली आहे. कळवण्याचे साधन म्हणजे फॉर्म १५जी आणि फॉर्म १५एच. हे दोन अर्ज दिसायला जवळपास सारखे आहेत, मात्र त्यांच्या अटी वेगळ्या आहेत आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

कपात कधी सुरू होते?

प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम १९४ए नुसार बँकेने ठेवींवर दिलेले वर्षभराचे व्याज ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की बँकेला त्यातून १० टक्के कर कापून सरकारकडे भरावा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा वाढली आहे. साठ वर्षांखालील ठेवीदारांसाठी ती ४० हजारांवरून ५० हजार रुपये झाली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी ५० हजारांवरून एक लाख रुपये. टपाल कार्यालयातील ठेवी आणि सहकारी बँकांनाही हीच मर्यादा लागू आहे. कंपन्यांच्या आणि बिगरबँक वित्तसंस्थांच्या ठेवींसाठी मात्र ती फक्त १० हजार रुपये आहे. जास्त व्याजाच्या आशेने अशा ठेवींकडे वळणाऱ्यांना म्हणूनच कपातीचा अनुभव लवकर येतो. बचत खात्यावरील व्याजातून टीडीएस कापला जात नाही.

ही मर्यादा एका एफडीपुरती नसते. कोअर बँकिंग असलेल्या बँकेत एका ग्राहकाच्या सर्व शाखांमधील सर्व मुदत ठेवी आणि आवर्ती ठेवी यांचे व्याज एकत्र मोजले जाते. त्यामुळे एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन पावत्या केल्या तरी उपयोग होत नाही, पॅन क्रमांक त्यांना एकत्र आणतो. मर्यादा ओलांडली की कपात फक्त वरच्या रकमेवर होत नाही, ती पूर्ण व्याजावर होते. ज्येष्ठ नागरिकाला ९९ हजार रुपये व्याज मिळाले तर कपात शून्य. एक लाख पाच हजार मिळाले तर साडेदहा हजार कापले जातात.

आणखी एक गोष्ट अनेकांना खटकते. वर्षाचे व्याज अजून मर्यादेपर्यंत पोहोचलेलेही नसते, तरी जूनच्या तिमाहीतच कपात होते. कायद्यात ‘दिलेले किंवा देय होण्याची शक्यता असलेले’ व्याज धरायला सांगितले आहे. बँकेची संगणक प्रणाली वर्षभराच्या व्याजाचा अंदाज बांधते आणि तो मर्यादेपलीकडे जात असेल तर पहिल्या तिमाहीपासून कापायला लागते. याउलट सुरुवातीला अंदाज मर्यादेच्या आत असेल आणि डिसेंबरमध्ये नवी एफडी केल्यावर तो ओलांडला गेला, तर आधीच्या तिमाहींची राहिलेली कपातही एकदम होऊ शकते. त्या तिमाहीत व्याजाची रक्कम फारच कमी दिसली तर हे कारण तपासून पाहावे.

पैसे हातात आले नाहीत, तरी कर कसा?

संचयी एफडी, म्हणजे जिचे व्याज मुदतीअखेर मुद्दलासह एकदम मिळते, तिच्याबाबत हा प्रश्न हमखास विचारला जातो. पाच वर्षांची पावती करून ती कपाटात ठेवलेली असते, मधल्या काळात एक रुपयाही हातात येत नाही. तरीही बँक दर वर्षी त्या वर्षाचे व्याज ठेवीदाराच्या नावे आपल्या हिशोबात जमा दाखवते, निदान ३१ मार्चला तरी. कायद्याच्या दृष्टीने ही नोंद म्हणजेच ‘व्याज जमा होणे’. त्यावर टीडीएस लागतो आणि तो साठलेल्या व्याजातूनच वळता होतो. पुढच्या वर्षी तेवढ्या कमी रकमेवर व्याज चढते. पाच वर्षांनी हातात येणारी रक्कम पावतीवर छापलेल्या मुदतपूर्ती रकमेपेक्षा कमी भरते आणि मग शाखेत वाद होतो. अशी ठेव असलेल्यांनी १५जी किंवा १५एच फक्त पहिल्या वर्षी देऊन चालत नाही. मुदत संपेपर्यंत दर वर्षी तो नव्याने द्यावा लागतो.

एक उदाहरण : सहासष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका

समजा, एका निवृत्त शिक्षिकेला दरमहा १५ हजार रुपये पेन्शन मिळते. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतले २० लाख रुपये त्यांनी एका बँकेत साडेसात टक्क्यांनी तिमाही व्याजाच्या एफडीत ठेवले. दर तिमाहीला ३७,५०० रुपये, म्हणजे वर्षाला दीड लाख रुपये व्याज. पेन्शनचे वर्षाचे एक लाख ८० हजार धरून एकूण उत्पन्न तीन लाख ३० हजार होते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी चार लाखांपर्यंत कर नाही. शिवाय पेन्शनवर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते ती वेगळीच. म्हणजे बाईंवर एक रुपयाचाही कर बसत नाही.

तरीही व्याज एक लाखाच्या वर असल्याने बँक दर तिमाहीला ३,७५० रुपये, म्हणजे वर्षभरात १५ हजार रुपये कापते. त्यांच्या एका महिन्याच्या पेन्शनएवढी ही रक्कम आहे.

त्यांनी एप्रिलमध्येच १५एच दिला असता तर यातले काहीही कापले गेले नसते. समजा, त्यांना ही गोष्ट १० ऑक्टोबरला कळली आणि त्यांनी त्या दिवशी अर्ज दिला. डिसेंबर आणि मार्चच्या तिमाहीची कपात थांबेल, परंतु जून आणि सप्टेंबरचे मिळून ७,५०० रुपये गेलेले असतील. ते बँक परत करत नाही, कारण कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारकडे भरायचा असतो. मार्चमध्ये कापलेल्या कराला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. कपात होऊन दोन-चार दिवसच झाले असतील तर शाखेत विचारून पाहायला हरकत नाही, पण एकदा चलन भरले गेले की मार्ग एकच उरतो. तो म्हणजे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून परतावा मागणे. तोपर्यंत हे पैसे अडकून राहतात.

याच शिक्षिकेने २० लाख रुपये दोन वेगळ्या बँकांत दहा-दहा लाख करून ठेवले असते, तर प्रत्येक बँकेतील व्याज ७५ हजार, म्हणजे मर्यादेच्या आत राहिले असते आणि अर्ज न देताही कपात झाली नसती. यात काही बेकायदा नाही. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत पाच लाख रुपयांपर्यंतच असल्याने तसेही पैसे विभागून ठेवणे शहाणपणाचे आहे. फक्त दोन्ही बँकांचे व्याज मिळून दीड लाखच राहते आणि करपात्र उत्पन्न मोजताना ते पूर्ण धरावे लागते. कपात झाली नाही म्हणून उत्पन्न लपत नाही, प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ते दिसू शकते.

१५एच कोणाला देता येतो?

साठ वर्षे पूर्ण झालेल्या निवासी व्यक्तीला. त्या आर्थिक वर्षात केव्हाही साठावे वर्ष पूर्ण होत असेल तरी चालते, अगदी मार्चमध्ये वाढदिवस असला तरी. अट एकच आहे, वर्षाच्या अंदाजित एकूण उत्पन्नावर कर शून्य असला पाहिजे.

हा ‘कर शून्य’ कसा मोजायचा, हे बहुतेकांना माहीत नसते. करमुक्त मर्यादेच्या आत उत्पन्न असेल तरच १५एच चालतो, असे अनेक ज्येष्ठ समजतात. काही शाखांतही तसेच सांगितले जाते. प्रत्यक्षात मे २०१९ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने या फॉर्मच्या टिपांमध्ये बदल केला. कलम ८७ए ची करसवलत धरल्यावर कर शून्य होत असेल तरीही १५एच स्वीकारता येईल, असे त्यात स्पष्ट केले आहे. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ही सवलत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला मिळते.

याचा फरक किती पडतो ते पाहा. सत्तर वर्षांच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याला दरमहा ४० हजार पेन्शन आहे, वर्षाचे चार लाख ८० हजार. एफडीचे व्याज साडेतीन लाख. एकूण आठ लाख ३० हजारांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र उत्पन्न सात लाख ५५ हजार उरते. चार लाखांच्या वरच्या रकमेवर पाच टक्क्यांनी कर १७,७५० रुपये होतो, पण ८७ए च्या सवलतीने तो शून्यावर येतो. म्हणजे ते १५एच देऊ शकतात आणि ३५ हजार रुपयांची कपात टळते. बँकेतून मिळणारी पेन्शन आणि एफडीचे व्याज एवढेच उत्पन्न असलेल्या मध्यमवर्गीय ज्येष्ठांपैकी बरेच जण या गटात मोडतात.

यात दोन ठिकाणी सावध राहावे लागते. शेअर किंवा म्युच्युअल फंडाच्या विक्रीतून भांडवली नफा होणार असेल तर त्यावर विशेष दराने लागणाऱ्या कराला ही सवलत लागू होत नाही. तो कर शिल्लक राहिला तर ‘कर शून्य’ ही अट मोडते. दुसरे, ज्यांना जुनी करप्रणाली निवडायची आहे त्यांच्यासाठी ८७ए ची मर्यादा पाच लाखच आहे. जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, नव्यात ती नाही. कोणती प्रणाली घ्यायची ते आधी ठरवावे आणि अंदाज त्याच प्रणालीने मांडावा. एकीच्या वजावटी आणि दुसरीची सवलत एकत्र करता येत नाही.

साठीच्या आतल्यांना १५जीमध्ये अडचण काय?

१५जीला दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. अंदाजित एकूण उत्पन्नावर कर शून्य असला पाहिजे, ही पहिली. ज्या उत्पन्नासाठी हा अर्ज दिला जातो त्याची, म्हणजे येथे सर्व बँकांतील व्याजाची, वर्षाची बेरीज मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त नसली पाहिजे, ही दुसरी. नव्या प्रणालीत ही मर्यादा चार लाख आहे आणि जुन्या प्रणालीत अडीच लाख. १२ लाखांपर्यंत कर नाही, ही घोषणा ऐकून १५जी भरणारे नेमके याच अटीत अडकतात.

समजा, एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या ५७ वर्षांच्या कामगाराने ६० लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले. दुसरे उत्पन्न काही नाही. व्याज चार लाख २० हजार. चार लाखांच्या वरच्या २० हजारांवर पाच टक्क्यांनी हजार रुपये कर येतो आणि तो ८७ए ने माफ होतो. म्हणजे द्यायचा कर शून्य आहे. पण व्याज चार लाखांच्या वर गेल्याने त्याला १५जी देता येत नाही. बँक ४२ हजार रुपये कापणार आणि ते परताव्यातूनच मिळवावे लागणार. हेच उत्पन्न असलेला माणूस साठ वर्षांचा असता तर १५एच देऊन मोकळा झाला असता. कायद्यातली ही तफावत समजण्यापलीकडची आहे, विशेषतः लवकर निवृत्त होणाऱ्यांसाठी. पण आज नियम असाच आहे.

व्याज चार लाखांच्या आत, पण घरभाडे किंवा इतर उत्पन्न धरून एकूण रक्कम चार ते १२ लाखांच्या दरम्यान, असेही बरेच जण असतात. १५एचच्या टिपेत ८७ए चा जसा स्पष्ट उल्लेख आहे, तसा १५जीमध्ये नाही. त्यामुळे साठीच्या आतल्यांनी एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तरच १५जी द्यावा आणि एरवी परताव्याचा मार्ग धरावा, हे सुरक्षित. चुकीच्या घोषणेला कलम २७७ खाली दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. या अर्जावर सही करणे म्हणजे केवळ बँकेचा एक कागद भरणे नव्हे, ते कायदेशीर प्रतिज्ञापन आहे.

कपात मोठी असेल आणि वर्षभर पैसे अडकून ठेवणे परवडत नसेल, तर कलम १९७ खाली प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी किंवा शून्य दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळवता येते. त्यासाठी फॉर्म १३ खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो. वरच्या कामगारासारख्याला ही खटपट करण्याजोगी आहे. पाच-सात हजारांच्या कपातीसाठी मात्र विवरणपत्र भरणेच सोपे.

अर्ज भरताना कुठे चुकते?

बहुतेक बँकांच्या नेटबँकिंगमध्ये आणि मोबाइल अॅपमध्ये हे अर्ज भरता येतात, शाखेत कागदावरही देता येतात. दोन रकाने नीट समजून घ्यावेत. एकात फक्त त्या बँकेकडून मिळणारे, या अर्जापुरते व्याज लिहायचे असते. दुसऱ्यात वर्षाचे एकूण अंदाजित उत्पन्न लिहायचे, म्हणजे पेन्शन, भाडे आणि इतर बँकांचे व्याज धरून. अनेक जण दोन्हीकडे एकच आकडा लिहितात आणि इतर उत्पन्न राहून जाते. याच वर्षी दुसऱ्या बँकेत असाच अर्ज दिला असेल तर अशा अर्जांची संख्या आणि त्यातील एकूण रक्कमही नमूद करावी लागते. प्रत्येक बँकेत वेगळा अर्ज द्यायचा असतो, मात्र अटींची मोजणी सर्व मिळून होते.

पॅन नसेल तर अर्ज ग्राह्य धरला जात नाही आणि कपात १० ऐवजी २० टक्क्यांनी होते. पॅन आहे, पण आधारशी न जोडल्याने तो निष्क्रिय झाला असेल तरीही २० टक्केच. कपात व्याजाच्या दहाव्या हिश्श्याऐवजी पाचवा हिस्सा दिसली तर आधी पॅनची स्थिती तपासावी. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर ती लगेच कळते.

संयुक्त ठेवींमध्ये व्याज पहिल्या नावाचे धरले जाते. आईचे नाव दुसरे आणि नोकरदार मुलाचे पहिले असेल, तर आईचा १५एच तिथे लागू होत नाही. पैसे आईचेच असतील तर पावतीवर तिचे नाव पहिले असणे योग्य. नव्याने ठेव करताना याकडे बघावे, नंतर बदलणे किचकट असते. कर वाचवण्यासाठी पतीने आपले पैसे पत्नीच्या नावे ठेवले तर मात्र त्यावरील व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. पत्नीने १५जी देऊन त्यातून सुटका होत नाही. आईवडिलांना किंवा सज्ञान मुलांना भेट दिलेल्या पैशांना ही जोडणी लागू नाही.

वर्षाच्या मध्ये नवी एफडी केली तर एप्रिलमधला अर्ज तिलाही लागू झाला का, हे विचारून घ्यावे. अनेक बँकांत अर्ज ठेव क्रमांकांना जोडलेला असतो आणि नव्या ठेवीसाठी पुन्हा भरावा लागतो. अर्ज दिल्याची पोच जपून ठेवावी. कागदी अर्ज खिडकीवर दिला, पण प्रणालीत नोंदलाच गेला नाही, ही तक्रार शाखांमध्ये जुनीच आहे. पोच नसेल तर ठेवीदाराकडे दाखवायला काही उरत नाही. जून संपल्यावर व्याजाची नोंद पाहिली की अर्ज चढला की नाही ते कळते. तेव्हा लक्ष दिले तर नुकसान एका तिमाहीपुरतेच राहते.

पतसंस्थेतल्या ठेवींचे काय?

गावोगावच्या नागरी आणि पगारदार पतसंस्थांत पैसे ठेवणाऱ्यांचा नियम थोडा वेगळा आहे. सहकारी बँक नसलेली सहकारी संस्था आपल्या सभासदाला व्याज देते तेव्हा सर्वसाधारणपणे टीडीएस कापत नाही. मात्र संस्थेची आधीच्या वर्षाची उलाढाल ५० कोटींपेक्षा जास्त असेल आणि सभासदाचे व्याज ५० हजारांपलीकडे, ज्येष्ठांबाबत एक लाखापलीकडे जात असेल, तर तिलाही कपात करावी लागते. मोठ्या पतसंस्थेत ठेव असेल तर तिथेही अर्ज द्यावा. पतसंस्थेत कपात होत नाही म्हणून ते व्याज करमुक्त असते, हा समज मात्र चुकीचा आहे.

कापलेले पैसे परत कसे मिळवायचे?

प्रथम प्राप्तिकराच्या पोर्टलवरील फॉर्म २६एएस उघडून कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते का ते पाहावे. बँक प्रत्येक तिमाहीनंतर फॉर्म १६ए हे प्रमाणपत्र देते, त्यातील आकड्याशी ती जुळली पाहिजे. जुळत नसेल तर दुरुस्ती बँकच करू शकते. चुकीच्या पॅनवर भरलेला कर प्राप्तिकर कार्यालयात हेलपाटे घालून सुटत नाही.

आकडे जुळले की पेन्शन आणि व्याज एवढेच उत्पन्न असणाऱ्यांना साधारणतः ‘सहज’ हे आयटीआर-१ पुरते. व्याज दाखवताना पूर्ण रक्कम दाखवायची असते, कपातीनंतर हातात आलेली नव्हे. वरच्या शिक्षिकेने १ लाख ५० हजारच लिहायचे, १ लाख ४२ हजार ५०० नाही. ही चूक फार होते आणि मग एआयएसशी तफावत येऊन परतावा अडकतो. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ते पडताळावे लागते. परतावा ज्या बँक खात्यात हवा ते पोर्टलवर आधीच प्रमाणित केलेले असावे. मुदतीत विवरणपत्र भरले तर परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. साडेसात हजारांवर ते महिन्याला साडेसदतीस रुपये होते, आणि हे व्याजही पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात धरावे लागते.

उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्र भरायचेच नाही, असे ठरवणाऱ्यांनी एक नियम लक्षात घ्यावा. वर्षभरात कापलेला एकूण कर २५ हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी हा आकडा ५० हजार आहे. ४२ हजार कापले गेलेल्या त्या कामगाराला म्हणूनच पर्याय नाही. पंच्याहत्तर वर्षांवरील ज्यांचे उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतील व्याज एवढेच आहे, त्यांना कलम १९४पी खाली वेगळी सोय आहे. ते संबंधित बँकेला फॉर्म १२बीबीए देऊ शकतात. मग बँकच वजावटी आणि सवलत धरून कर काढते आणि विवरणपत्र भरावे लागत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्यांना यातले काहीच लागू नाही. १५जी आणि १५एच फक्त निवासी व्यक्तींसाठी आहेत. अनिवासी भारतीयांच्या एनआरओ ठेवींवरील व्याजातून ३० टक्के आणि त्यावर उपकर कापला जातो, त्याला ५० हजारांची किंवा एक लाखाची मर्यादाही नाही. मुलगा परदेशी गेल्यावर त्याच्या नावावरची जुनी निवासी एफडी तशीच चालू ठेवून घरच्यांनी १५जी देत राहणे, हा प्रकार सर्रास दिसतो. तो नियमाला धरून नाही.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू असून १९४ए सह टीडीएसची विखुरलेली कलमे त्यात कलम ३९३ खाली एकत्र आणली आहेत. त्यामुळे २०२६-२७ साठी अर्ज देताना मागच्या वर्षीची जुनी प्रत झेरॉक्स करून भरू नये. त्या वर्षासाठी बँक जो नमुना देईल तोच वापरावा.